फौजदारीत आरोपी सुटला, तर दिवाणीतले पैसेही बुडतात का?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. 5 ऑक्टोबर 2023 रोजी मी गावालगतच्या दहा गुंठे बिनशेती प्लॉटचा 30 लाखांत व्यवहार ठरवला आणि 9 लाख रुपये इसार दिला. त्यांपैकी 5 लाख बँकेतून पाठवले आणि 4 लाख रोख दिले. मुद्रांकावर इसार पावती लिहिली, खाली जमीनमालकाची आणि दोन साक्षीदारांची सही आहे. खरेदीखत 31 मार्च 2024 पर्यंत करायचे होते, परंतु त्याने 12 फेब्रुवारी 2024 रोजीच तो प्लॉट दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकला. माझ्या वकिली नोटिशीला त्याने उत्तर दिले की, 5 लाख हातउसने घेतले होते व रोखीने परत केले, आणि पावतीवरची सही त्याची नाही. मी पोलिसांत फिर्याद दिली. 420 कलमाखाली दोषारोपपत्र दाखल झाले आहे, मात्र साक्षीपुरावा अजून सुरू झालेला नाही. नात्यातले एक साक्षीदार ठाम आहेत, दुसरे आता टाळाटाळ करतात. पुतण्या म्हणतो, आधी फौजदारीचा निकाल लागू द्या, तो दोषी ठरला की पैसे आपोआप मिळतील. वकील म्हणतात, दिवाणी दावाही लावा. दोन खटले चालवायची माझी ऐपत नाही. तो फौजदारीत सुटला, तर माझे पैसे बुडाले असे समजायचे का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर

आपल्या वकिलांचे म्हणणे बरोबर आहे आणि पुतण्याचे चूक आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी आपले पैसे त्या निकालाने बुडत नाहीत, आणि तो दोषी ठरला तरी ते आपोआप मिळत नाहीत. पैसे बुडण्याचा खरा धोका फौजदारीच्या निकालाची वाट पाहत बसण्यात आहे, आणि तो आपल्या बाबतीत फार दूरचा नाही. त्याचा हिशेब पुढे मांडतो, पण त्याआधी या दोन न्यायालयांत नेमके काय तपासले जाते ते समजून घेऊ.

फौजदारी न्यायालयात वाद आपला आणि जमीनमालकाचा नसतो. तेथे खटला राज्य सरकार चालवते, सरकारी अभियोक्ता पुरावा मांडतात, आणि आपण त्यात फिर्यादी असलात तरी पुराव्याच्या दृष्टीने एक साक्षीदार असता. त्या न्यायालयासमोरचा प्रश्नही ‘पैसे घेतले आणि प्लॉट दिला नाही’ एवढा नसतो. व्यवहार 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्याने आपल्या प्रकरणाला जुन्या भारतीय दंड संहितेचे 420 कलम लागते. त्यानंतरच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेचे 318 कलम आहे. दोन्हींचा गाभा एकच आहे. फसवणूक सिद्ध होण्यासाठी, पैसे घेताना, म्हणजे 5 ऑक्टोबर 2023 रोजीच, त्याच्या मनात फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. सुरुवातीला व्यवहार पुरा करायचा विचार होता, पण पुढे कोणी जास्त भाव दिला म्हणून त्याने शब्द फिरवला, तर तो कराराचा भंग ठरतो, फसवणुकीचा गुन्हा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अनेक निकालांत सांगितला आहे, आणि दिवाणी वादाला फौजदारीचा वेष चढवून समोरच्यावर दबाव आणण्याच्या प्रवृत्तीवर 2006 मध्ये स्पष्ट नापसंती नोंदवली आहे.

आता आपल्या तारखांकडे पाहा. प्लॉट दुसऱ्याला विकला तो इसार घेतल्यावर चार महिन्यांनी. बचावाचे वकील म्हणतील की, चार महिन्यांत मन बदलले असेल, पहिल्या दिवशीच्या हेतूचा पुरावा काय? दुसऱ्या खरीददाराशी त्याचा सौदा ऑक्टोबरच्या आधीच ठरला होता, अथवा त्याच प्लॉटचा इसार त्याने आणखी कोणाकडूनही घेतला होता, असे काही कागदोपत्री निघाले तर चित्र बदलते. दुसऱ्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून त्यात पैसे कोणत्या तारखांना दिल्याचे लिहिले आहे ते अवश्य तपासा, आणि काही सापडले तर सरकारी अभियोक्त्यांच्या नजरेस आणा. तसे काही नसेल, तर आपण सांगता ते अक्षरशः खरे मानूनही आरोपी सुटू शकतो, हे मनाशी धरून ठेवा. दिवाणी न्यायालयाला मात्र त्याच्या मनात डोकावण्याची गरज नाही. आपण पैसे दिले का, ते कशापोटी दिले, आणि ठरल्याप्रमाणे खरेदीखत झाले का, एवढे ते पाहील.

म्हणजे सिद्ध काय करायचे, येथेच पहिला फरक पडतो. ते किती खात्रीने सिद्ध करायचे, हा दुसरा.

1872 च्या पुरावा कायद्यात आणि आता त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ‘शाबीत’ या संज्ञेची व्याख्या एकच आहे, आणि ती दिवाणी व फौजदारी असा भेद करत नाही. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे असे न्यायालयाला वाटणे, किंवा तिची संभाव्यता इतकी असणे की शहाण्या माणसाने ती आहे असे धरूनच वागावे, असा तिचा आशय आहे. भेद निर्माण केला आहे तो न्यायनिर्णयांनी. 1975 मध्ये मराठी दांपत्याच्या एका वैवाहिक वादाच्या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तो फार नेमकेपणाने मांडला. दिवाणी वादात दोन्ही बाजूंच्या पुराव्याचे पारडे तोलायचे आणि जी बाजू अधिक संभाव्य वाटेल तिच्या बाजूने निर्णय द्यायचा. फौजदारीत मात्र आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असल्याने वाजवी संशयाला जागा राहता कामा नये. वैवाहिक वादात क्रौर्याचा आरोप असला तरी तो वाद दिवाणीच आहे आणि त्याला फौजदारीचे कडक माप लावणे चूक आहे, असे त्यांनी ठरवले. वकिलांच्या बोलण्यात ‘51 टक्के’ असा शब्दप्रयोग येतो. समजायला तो सोयीचा आहे, पण न्यायाधीश टक्केवारी मोजत नाहीत आणि आपणही त्यावर हिशेब बांधू नये.

वाजवी संशय म्हणजे कोणताही संशय नव्हे, हेही लक्षात असू द्या. 1973 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले होते की, प्रत्येक पुसट शंकेपायी आरोपी सोडत गेल्यास समाजाचा न्यायावरचा विश्वास उडेल. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, आरोपीने ते केले असू शकेल आणि त्याने ते केलेच असले पाहिजे, यांत मोठे अंतर आहे आणि ते अंतर पुराव्यानेच तुटले पाहिजे. आपला प्रश्न या अंतरातच अडकलेला आहे.

आपलीच इसार पावती घेऊन पाहू. सही स्वतःची नाही असे जमीनमालक म्हणतो. फौजदारी न्यायालयात ती सही त्याचीच आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर आहे. हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला तरी तो एक मत असतो, आणि केवळ त्यावर शिक्षा देण्यास न्यायालये सहसा धजावत नाहीत. दोन साक्षीदारांपैकी एक आपला नातेवाईक आहे आणि दुसरा फितूर होण्याच्या मार्गावर दिसतो. अशा वेळी दंडाधिकाऱ्यांना आपण खरे बोलत असल्याचे मनातून वाटले तरी, ‘शंका पूर्णपणे दूर होत नाही’ असे लिहून ते आरोपीला मुक्त करू शकतात, आणि तसे करण्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

हेच सगळे दिवाणी न्यायाधीशांपुढे वेगळे दिसते. 5 लाख रुपये ज्या दिवशी त्याच्या खात्यात गेले, त्याच तारखेची पावती आहे. पावतीत त्या बँक व्यवहाराचा उल्लेख आहे का ते पाहा. असेल तर तो फार मोलाचा आहे. मुद्रांक कोणाच्या नावावर आणि कधी घेतला, याची नोंद मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत असते. तो त्याच्या नावावर निघाला, तर कागद बनावट असल्याचे त्याचे म्हणणे बरेच लंगडे पडते. 4 लाख रोख दिले त्याच्या एक-दोन दिवस आधी आपण बँकेतून तेवढी रक्कम काढली असेल, तर खात्याचा उतारा बोलका ठरतो. यांतला एकेक दुवा सुटा घेतला तर शंकेला जागा आहे. सगळे एकत्र ठेवले आणि समोर ‘हातउसने घेतले होते, रोखीने फेडले’ एवढेच कागदाविना केलेले विधान असले, तर कोणती बाजू अधिक संभाव्य आहे हे ठरवणे न्यायाधीशांना फारसे अवघड जाऊ नये.

शिवाय त्याच्या नोटिशीच्या उत्तराने आपले अर्धे काम केले आहे. 5 लाख मिळाले हे त्याने कबूल केले, आणि दिवाणी दाव्यात कबूल केलेली गोष्ट पुन्हा सिद्ध करावी लागत नाही. परत केले असे तो म्हणतो, तर ते परत केल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर जातो. फौजदारीत भार असा सहजी सरकत नाही. तेथे आरोपी अगदी गप्प बसला तरी चालते. स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 ने दिलेला हक्क आहे. दिवाणीत गप्प बसणे महागात पडते. लेखी कैफियत त्याला 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत द्यावी लागते. तीत एखादे विधान स्पष्टपणे नाकारले नाही तर ते मान्य केले असे धरले जाते. आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासाला सामोरा गेला नाही, तर त्याचे म्हणणे खरे नसावे असा प्रतिकूल निष्कर्ष न्यायालय काढू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये हे ठामपणे सांगितले आहे. माझ्या मते व्यवहारात पुराव्याच्या मापाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, फरक या गोष्टीने पडतो.

आता निकाल परस्परांवर बंधनकारक आहेत का, याविषयी. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, एका कार्यवाहीतले निष्कर्ष दुसऱ्या कार्यवाहीत अंतिम मानावेत असा कोणताही कायदा किंवा तत्त्व नाही, कारण प्रत्येक न्यायालयाने आपल्यासमोर आलेल्या पुराव्यावर निर्णय द्यायचा असतो आणि दोघांची मापे वेगळी आहेत. आरोपी सुटल्याचा निकाल दिवाणीत दाखल झाला, तर तो सुटला एवढीच वस्तुस्थिती त्यातून कळेल. पावती खोटी होती असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. उलटही खरे आहे. त्याला शिक्षा झाली म्हणून आपल्या दाव्यात पैसे दिल्याचा पुरावा देण्यापासून आपली सुटका होणार नाही. दोन निकाल परस्परविरुद्ध येतील अशी भीती घालून त्याने एखादा खटला थांबवायला सांगितले, तर 1954 मध्येच पाच न्यायमूर्तींनी त्या युक्तिवादाला महत्त्व नाकारलेले आहे. मात्र फौजदारीतला बचाव आधीच उघड होईल, या कारणासाठी दिवाणी दाव्याला काही काळ स्थगिती मागण्याचा अर्ज तो करू शकतो, आणि तो मान्य करणे न करणे न्यायालयाच्या विवेकावर आहे. स्थगिती मिळाली तरी आपला दावा दाखल झालेला असतो, त्यामुळे मुदतीची चिंता उरत नाही.

मुदत हाच आपल्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. खरेदीखत करून मिळण्याच्या दाव्याला, तारीख ठरलेली असेल तर, त्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात, म्हणजे आपल्याला 31 मार्च 2027 पर्यंत. इसाराची रक्कम परत मागण्याचीही मुदत तीनच वर्षांची, पण ती ज्या दिवशी व्यवहाराचा हेतू फसला त्या दिवसापासून मोजली जाऊ शकते. प्लॉट 12 फेब्रुवारी 2024 रोजी विकला गेला असल्याने प्रतिवादी तीच तारीख धरण्याचा आग्रह धरेल. वाद अंगावर ओढवून घेण्यापेक्षा 12 फेब्रुवारी 2027 हाच अखेरचा दिवस समजा आणि त्याच्या पुष्कळ आधी दावा दाखल करा. फौजदारी खटला चालू होता म्हणून हा काळ वजा होत नाही. मुदत कायद्यात, चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वजा करण्याची तरतूद आहे, पण ती दिवाणी कार्यवाहीसाठी आहे. पोलीस आणि दंडाधिकारी यांच्याकडे गेलेला वेळ तीत बसत नाही. नोटिशीच्या उत्तरात त्याने 5 लाखांचा उल्लेख केला म्हणून मुदत नव्याने सुरू झाली, असेही समजू नका. मुदत वाढण्यासाठी देणे अजून बाकी आहे अशी लेखी, सहीची कबुली लागते, आणि त्याने तर फेडल्याचे लिहिले आहे. साक्षीपुरावासुद्धा सुरू न झालेल्या फौजदारी खटल्याचा निकाल त्या तारखेआधी लागेल यावर 9 लाख लावणे शहाणपणाचे नाही.

दावा लिहिताना दोन-तीन गोष्टींची काळजी घ्या. खरेदीखत करून मागायचे की पैसे, हे वकिलांशी बोलून ठरवा. दुसऱ्या खरीददाराला आपला व्यवहार ठाऊक होता असे दाखवता आले, तरच त्याच्याविरुद्ध खरेदीखताची मागणी टिकेल, आणि त्यासाठी उरलेले 21 लाख देण्याची आपली तयारीही दाखवावी लागेल. ती मागणी केलीत तरी पर्यायी म्हणून इसाराची रक्कम व्याजासह परत मागितल्याचे स्पष्ट लिहा, कारण न मागितलेला परतावा न्यायालय आपण होऊन देत नाही. आणि ‘फसवणूक’, ‘बनावट’, ‘कटकारस्थान’ हे फिर्यादीतले शब्द दाव्यात उतरवू नका. दिवाणी दाव्यातही कपटाचा आरोप केला तर त्याचा तपशील द्यावा लागतो, आणि आरोप जितका गंभीर तितका न्यायाधीश पुरावा अधिक बारकाईने पाहतात. पैसे दिले, प्लॉट मिळाला नाही, पैसे परत द्या, एवढ्यावर आपला दावा उभा राहतो. मग नको असलेले ओझे डोक्यावर कशाला घ्यायचे?

पावतीची मूळ प्रत पोलिसांनी जप्त केली असेल, तर ती फौजदारी खटल्याच्या कागदपत्रांत असेल. तिची प्रमाणित नक्कल आताच काढून ठेवा, आणि दाव्यात मूळ कागद मागवून घेण्याचा अर्ज करायला वकिलांना सांगा. पावतीवरचा मुद्रांक कमी किमतीचा असेल, तर फौजदारी न्यायालय तेवढ्यासाठी ती अडवत नाही, परंतु दिवाणी न्यायालय कमी पडलेले शुल्क व दंड भरल्याशिवाय ती पुराव्यात वाचत नाही. ही रक्कम खर्चात धरून ठेवा. रोखीच्या 4 लाखांबाबत आणखी एक सांगणे भाग आहे. 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने दिल्याचे दाव्यात म्हटले असेल, तर न्यायालयाने त्याची माहिती प्राप्तिकर विभागाला कळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितले आहे. या नियमाखालचा दंड मुख्यतः रोख घेणाऱ्यावर येतो, पण ती रक्कम आपल्याकडे कोठून आली हे आपल्यालाही विचारले जाईल. निवृत्तीच्या रकमेतून काढली असेल आणि बँकेचा उतारा असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

फौजदारी खटला सोडून द्या, असे मात्र मी म्हणत नाही. सरकारी अभियोक्त्यांना नोटिशीचे उत्तर आणि बँकेचा उतारा नेऊन द्या आणि साक्षीच्या तारखेला हजर राहा. त्या खटल्याचा खर्च सरकारचा आहे, त्यामुळे आपली ऐपत दिवाणीसाठी राखून ठेवता येईल. तेथून पैशाची अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगतो. दंड झाला तर तो सरकारजमा होतो. त्यातून किंवा त्याऐवजी आपल्याला भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण ते सक्तीचे नाही, आणि मिळालेली भरपाई पुढे दिवाणी दाव्यात विचारात घेतली जाते. जामिनाच्या वेळी पैसे भरायला लावून वसुली करण्याचा मार्गही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये नापसंत ठरवला आहे. तडजोडीचा प्रस्ताव आला, तर 420 चा खटला न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो, पण संमतीची सही रक्कम खात्यात जमा झाल्यावरच करा.

दिवाणी दावा लावताच हातात पैसे येतात असेही नाही. हुकूमनामा झाल्यावर वसुलीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते, आणि तोवर त्याच्या नावावर काही उरले नाही तर हुकूमनामा कागदावरच राहतो. म्हणून त्याच्या नावावरच्या इतर जमिनींचे सातबारा उतारे आताच काढा. वसुली चुकवण्यासाठी तो त्या विकू पाहतो असे दिसले, तर निकालापूर्वीच जप्तीचा अर्ज करता येतो. मात्र नुसत्या भीतीवर तो मंजूर होत नाही, विक्रीची जाहिरात, झालेला इसार किंवा फेरफाराची नोटीस असे काहीतरी ठोस हाती असावे लागते.